‘भरली’ आणि ‘भरली की’

आत्या पनवेलला वडाळे तळ्याच्या बाजूला राहते. तिची सगळी नोकरी माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेली. मी तिथून वीस मिनिटांवर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतो. न्हावाशेवाला माल उतरतो, त्याचे कागद आमच्या टेबलावरून जातात. आमच्या पार्ट्या बऱ्याचशा सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या आहेत. त्यांचे अकाउंटंट मराठीत मेल लिहितात, आम्हीही मराठीत उत्तर देतो. इंग्रजीत लिहून दोघांनीही घाम गाळण्यात अर्थ नाही, असं मला वाटायचं. मराठीत गोंधळ होणार कसला?

झाला. त्या मेलचा प्रिंटआउट खिशात घेऊन मी एका रविवारी आत्याकडे गेलो. दाद मागायलाच गेलो होतो म्हणा ना.

“वाच,” मी म्हटलं. “आणि यात माझं काय चुकलं ते सांग. पार्टी म्हणते तुमच्या मेलमुळे नुकसान झालं.”

तिनं चष्मा लावला. मेल गुरुवारी, १४ तारखेला, संध्याकाळी पावणेसातला गेलेला होता.

“नमस्कार. आपल्या कन्साईनमेंटचं स्टेटस कळवत आहे. बिल ऑफ एंट्री फाईल केलं, असेसमेंट होऊन आलं. लाइनचे चार्जेस परवा भरले, डीओ येतो आहे. ड्यूटी भरली की एक्झामिनेशनला लावतो, मग आउट ऑफ चार्ज. कंटेनर सीएफएसला जातो आहे. शुक्रवारपर्यंत सर्व पूर्ण.”

“आधी हे काय आहे ते मला समजेल असं सांग,” आत्या म्हणाली. “मग चूक काढते.”

मी सांगितलं. बाहेरून माल आला की आयातदाराच्या वतीनं कस्टमला जो अर्ज जातो तो बिल ऑफ एंट्री. जहाज ज्या दिवशी येणार त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो दाखल व्हायला हवा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि त्यानंतर रोज १० हजार रुपये लागतात. आम्ही तो १२ तारखेला केला होता, जहाज १३ ला लागलं. १४ ला कस्टमच्या अधिकाऱ्यानं आकारणी तपासून बिल ड्यूटी भरण्यासाठी परत पाठवलं. असं परत आलं की सुट्ट्या सोडून एका दिवसात ड्यूटी भरायची असते. म्हणजे १५ तारीख, शुक्रवार. भरली नाही तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. जहाजाच्या कंपनीला आम्ही लाइन म्हणतो. तिचे पैसे भरले की माल सोडायला हरकत नाही अशी तिची चिठ्ठी मिळते, ती डीओ. सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं कंटेनर ठेवायचं आवार, तिथं कस्टम माल बघतं. ड्यूटी भरलेली असेल आणि तपासणी झाली असेल तर आउट ऑफ चार्ज मिळतो. मग माल हलतो.

“आणि ड्यूटी कोण भरतं? तू?”

“कधी पार्टी स्वतः भरते, कधी आम्ही भरून नंतर त्यांच्याकडून घेतो. यांच्या बाबतीत दोन्ही झालेलं आहे.”

“मग काय झालं?”

“त्यांच्या अकाउंटंटनं मोबाइलवर वाचलं. वाक्य ‘ड्यूटी भरली’ इथं तुटलं आणि ‘की’ खालच्या ओळीत गेला. त्यानं धरलं, ड्यूटी भरली. आम्हीच भरली. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला. सोमवारी सकाळी मी फोन केला, ड्यूटी कधी भरताय? तो म्हणाला, तुम्हीच लिहिलंत ना भरली म्हणून.”

ड्यूटी होती ६ लाख. तीन दिवसांचं व्याज साधारण साडेसातशे रुपये, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण लाइननं कंटेनर रविवारपर्यंतच फुकट दिलेला होता. तो बाहेर पडायला बुधवार उजाडला. तीन दिवसांचं डिटेन्शन लाइननं डॉलरच्या हिशेबानं लावलं आणि तिथं भांडण झालं.

“पण आत्या, ‘की’ आहे ना तिथं! व्याकरणात बसतं ना? न वाचणाऱ्यानं वाचलं नाही, त्यात माझा काय दोष?”

तिनं टेबलावरचं लाल पेन उचललं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ते पेन अजून हाताशी असतं. तिनं मेलमधल्या क्रियापदांखाली रेघा मारल्या आणि फक्त तेवढीच मोठ्यानं वाचली. “केलं. आलं. भरले. येतो आहे. भरली. लावतो. जातो आहे. पूर्ण.” मग म्हणाली, “आता तू सांग. यातली झालेली कुठली आणि व्हायची कुठली?”

मी सांगायला लागलो आणि ‘भरली’पाशी अडलो. कानाला ते ‘केलं, आलं, भरले’च्याच रांगेतलं वाटत होतं.

“व्याकरण बरोबर आहे,” आत्या म्हणाली. “मराठीत ‘पाऊस आला की छत्री घे’ म्हणतात. तेव्हा पाऊस आलेला नसतो. रूप भूतकाळाचं, अर्थ पुढचा. ‘तर’चंही तसंच, ‘गाडी चुकली तर फोन कर’. बोलताना काही बिघडत नाही, आवाज वर राहतो, ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. कागदावर आवाज कुठून आणणार? झालेल्या तीन कामांच्या मागोमाग तू चौथं काम त्याच रूपात लिहिलंस. वाचणाऱ्यानं तुझ्याच चालीवर वाचलं.”

“मग काय, ‘की’ वापरायचाच नाही?”

“घरात वापर. मुदतीच्या कामात ‘भरल्यावर’ लिही. ‘ड्यूटी भरल्यावर एक्झामिनेशनला लावतो.’ कुठंही तोड, ‘भरल्यावर’ला ‘भरली’ म्हणून कुणी वाचणार नाही.”

हे मला पटलं. पण बाकीचं पटत नव्हतं आणि मी तसं म्हणालो. माझं म्हणणं असं की कामाच्या मेलमध्ये वाक्यं हवीतच कशाला? मी तिला माझा नवा उपाय दाखवला. भांडणानंतर मी सगळ्या मेलसाठी एक तक्ता केला होता. डावीकडे काम, उजवीकडे स्टेटस. क्रियापदच नाही, म्हणजे काळाची भानगडच नाही.

“दाखव.”

मोबाइल पुढे केला. बिल ऑफ एंट्री, समोर ‘फाईल’. असेसमेंट, समोर ‘ओके’. लाइन चार्जेस, समोर ‘परवा’. ड्यूटी, समोर ‘शुक्रवार’. एक्झामिनेशन, समोर ‘पेंडिंग’.

आत्या हसली. म्हणजे पोट धरून हसली. “लाइन चार्जेस परवा. गेलेला परवा, का येणारा?”

मी गप्प.

“अरे, मराठीत परवा दोन्हीकडे जातो. काल आणि उद्याला वेगळे शब्द आहेत, त्यांच्या पलीकडे गेलास की दोन्ही बाजूंना एकच परवा. आपण आयुष्यभर गोंधळत नाही, कारण शेजारी क्रियापद असतं. परवा भरले म्हटलं की मागचा, परवा भरतो म्हटलं की पुढचा. तुझ्या पहिल्या मेलमध्ये ‘परवा भरले’ होतं, ते स्वच्छ होतं. तू क्रियापद काढलंस आणि होती ती दिशाही घालवलीस.”

“मग तारीख लिहितो. १२.”

“लिही. आणि ‘ड्यूटी, शुक्रवार’? शुक्रवारी भरली, का शुक्रवारी भरायची? शनिवारी कुणी हा तक्ता उघडला तर काय समजेल? आणि ‘फाईल’ म्हणजे फाईल केलं का फाईल करा? मराठीत घेतलेला इंग्रजी शब्द एकटा ठेवलास की त्याला काळही नसतो आणि माणूसही नसतो. पहिल्या मेलमधलं शेवटचं वाक्य बघ, ‘शुक्रवारपर्यंत सर्व पूर्ण’. ही बातमी आहे, का वचन आहे, का नवस?”

नवस होता, खरं सांगायचं तर. ऑफिसात आम्ही पार्टीला धीर यावा म्हणून असं लिहितो. ‘पूर्ण होईल’ लिहिलं तर शब्द दिल्यासारखं होतं, ‘पूर्ण झालं’ लिहिलं तर खोटं होतं. म्हणून क्रियापदच गाळायचं. हे मी आत्याला सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं.

मी बाजू बदलली. “बरं, क्रियापद ठेवू. पण मग मराठीतलंच क्रियापद भरवशाचं कुठं आहे? आमचा पोरगा फोनवर ‘निघालोच’ म्हणतो तेव्हा तो कळंबोलीच्या नाक्यावर चहा पीत असतो.”

“हो, ‘तुम्ही पुढे व्हा, मी आलोच’. भूतकाळाचं रूप, अर्थ अगदी लगेचच्या भविष्याचा. आणि ‘मी उद्या पुण्याला जातो’, हा वर्तमानकाळ, पण काम उद्याचं. संनिहित भविष्य म्हणायचे आम्ही, वर्गात फळ्यावर लिहून द्यायचे. भाषेत ही सोय असते, ती काही चूक नाही. पण तुझ्या मेलमध्ये ‘लावतो’ आहे. आज लावतोस, उद्या लावतोस, का दर वेळी असाच लावतोस? ‘डीओ येतो आहे’ हे तर कोड्यात घालावं असं. निघालाय, का मागितलाय, का येईल अशी आशा आहे?”

“मागितलाय. लाइनकडून यायचा होता.”

“मग ‘१२ तारखेला पैसे भरून डीओ मागितला, तो अजून आलेला नाही’ असं लिहायचं.”

“अजून आलेला नाही!” मी जवळजवळ ओरडलो. “असं पार्टीला कोण लिहितं? आमचंच नाक कापून घेतल्यासारखं.”

इथं आमचं खरं वाजलं. माझं मत होतं की बाकी राहिलेलं काम भविष्यकाळात लिहावं. ‘डीओ उद्या मिळेल, ड्यूटी भरावी लागेल, तपासणी शनिवारी होईल.’ सभ्य दिसतं. आत्या म्हणत होती की हे सगळं मऊ आहे. ‘मिळेल’ हा अंदाज असतो, आणि ‘भरावी लागेल’ ऐकून माणूस मान डोलावतो पण उठत नाही. कधीतरी लागेल, तेव्हा बघू. उलट ‘ड्यूटी अजून भरलेली नाही’ म्हटलं की आजची स्थिती समोर येते, त्यात अंदाज नसतो. त्याच्यापुढे लगेच कुणी, कधी. तुम्ही भरायची आहे, १५ तारखेला. तिच्या मते बाकी काम सांगायचा सरळ मार्ग नकारातून जातो. आधी झालेलं नाही हे सांगायचं, मग कुणी करायचं हे सांगायचं, आणि भविष्यकाळ फक्त आपण स्वतः जे करणार आहोत त्याच्यासाठी राखायचा.

“आणि ‘ड्यूटी भरली जाईल’ असं तर कधीच नको,” ती म्हणाली. “करणारा वाक्यातून पळून गेला. तुमच्या त्या अकाउंटंटला वाटेल तुम्ही, तुम्हाला वाटेल तो.”

मला आठवलं, आमच्या इंग्रजी मेलांतही असंच होतं. सगळे ‘वी हॅव पेड यस्टरडे’ लिहितात. ‘आम्ही भरलं आहे’ आणि ‘काल भरलं’ यांची भेळ. इंग्रजीत ते बसत नाही हे आत्यालाही माहीत होतं, पण तिला त्यात रस नव्हता. ‘यस्टरडे’ आहे ना, म्हणजे काम झालंय हे कळतं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. चूक कितीही टोचणारी असली तरी जिच्यानं काम अडत नाही तिच्यामागे ती लागत नाही, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. तिच्या वर्गात मी असताना असं नव्हतं.

चहा झाला. मग तिनं एक गोष्ट विचारली जी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. “हा मेल शनिवारी कुणी वाचला का?”

वाचला होता. अकाउंटंटनं तो शनिवारी मालकांना पुढे पाठवला होता. मालकांनी शनिवारी रात्री ‘कंटेनर सीएफएसला जातो आहे’ वाचलं आणि समजले की कंटेनर आत्ता रस्त्यात आहे. खरं तर तो शुक्रवारीच पोचून ड्यूटीची वाट बघत उभा होता.

“जातो आहे, येतो आहे, आलं आहे, हे सगळं लिहिणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे असतं,” आत्या म्हणाली. “पत्र पुढे गेलं की घड्याळ मागे राहतं. ‘१२ तारखेला फाईल केलं’ हे वाक्य वर्षानं वाचलं तरी खरं. ‘जातो आहे’ दुसऱ्या दिवशीच शिळं. म्हणून वर वेळ टाक. अमुक तारीख, अमुक वाजता अशी स्थिती आहे. मग खाली खुशाल ‘आहे’ लिही.”

आज, उद्या, काल हेही तिनं त्याच टोपलीत टाकले. पावणेसातला पाठवलेल्या मेलमधला ‘उद्या’ दुसऱ्या दिवशी सकाळी वाचणाऱ्याचा शनिवार होतो. आणि ‘शुक्रवारपर्यंत’? त्यात शुक्रवार धरायचा का नाही यावर आम्ही दहा मिनिटं घालवली. ती म्हणे धरायचा, मी म्हणे आमच्याकडे निम्मे लोक ‘पर्यंत’ म्हणजे गुरुवारी रात्री असं समजतात आणि उरलेले निम्मे शुक्रवारी रात्री बारापर्यंत निवांत असतात. शेवटी तिनं हार मानली. ‘पर्यंत’ नको, तारीख आणि तास लिहायचा. शिवाय कायद्याची मुदत आणि आपली मुदत वेगळी लिहायची, कारण आम्हाला पैसे दुपारी तीनला हवे असतात आणि कायदा दिवस मोजतो.

मग तिनं मेल पुन्हा लिहायला घेतला आणि क्रमावर आम्ही पुन्हा भांडलो. तिला गोष्टीचा क्रम हवा होता. आधी झालेलं, मग चालू असलेलं, मग बाकी. काळ जसा पुढे सरकतो तसं वाक्य सरकावं. मी म्हटलं, आत्या, हे निबंधात. अकाउंटंट पहिल्या दोन ओळी वाचतो आणि मोबाइल खिशात ठेवतो. झालेलं काम त्याला नंतर वाचलं तरी चालतं. त्यानं करायचं ते वरच हवं. ती म्हणाली, सुरुवात नाही आणि एकदम शेवट? मी म्हटलं, हो. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, “तुझी पार्टी, तुझा क्रम.” ही तिच्याकडून मिळालेली मोठी सवलत.

तयार झालं ते असं:

“स्थिती : गुरुवार, १४ तारीख, संध्याकाळी ६:३०.

तुम्ही करायचं : ६ लाख रुपये ड्यूटी अजून भरलेली नाही. ती तुम्ही भरायची आहे. मुदत शुक्रवारी, १५ तारखेला संपते. तुम्ही त्या दिवशी दुपारी ३ च्या आत भरावी आणि चलन आम्हाला पाठवावं. लाइनचा कंटेनर फुकट असण्याचा शेवटचा दिवस रविवार, १७ तारीख आहे, १८ पासून डिटेन्शन लागतं.

आम्ही करणार : ड्यूटी भरल्यावर आम्ही त्याच दिवशी तपासणीसाठी अर्ज करणार आहोत. आउट ऑफ चार्ज तपासणीनंतर मिळतो, त्याची तारीख आज सांगता येत नाही.

झालेलं : बिल ऑफ एंट्री १२ तारखेला फाईल केलं. लाइनचे चार्जेस १२ तारखेला भरले; डीओ अजून आलेला नाही. असेसमेंट होऊन बिल १४ तारखेला परत आलं. कंटेनर १५ तारखेला सीएफएसला पोचणं अपेक्षित आहे.”

“शेवटची ओळ झालेल्यात कशी?” आत्यानं लगेच पेन टेकवलं.

खरंच. कंटेनर अजून पोचलेला नव्हता. सवयीनं मालाची सगळी हकिगत एकत्र लिहिली होती. ओळ वर गेली. मग तिनं मला कागदाच्या कडेला प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहायला लावलं. झालं असेल तर झ, चालू असेल तर च, बाकी असेल तर ब. ज्या वाक्यापुढे एका अक्षरात भागत नाही, ते वाक्य तोडायचं. ‘लाइनचे चार्जेस १२ तारखेला भरले; डीओ अजून आलेला नाही’ यापुढे मला झ आणि ब दोन्ही लिहावे लागले, म्हणून त्याची दोन वाक्यं झाली आणि डीओचं वाक्यही वर गेलं. ऑफिसात नव्या पोराला मी आता हेच करायला लावतो, पेन्सिलनं. पहिल्या आठवड्यात त्याच्या प्रत्येक मेलमध्ये एक तरी ओळ झबची निघायची.

तक्ताही मी टाकून दिला नाही. आत्याला सांगितलं नाही, पण तो अजून आहे. फक्त उजव्या रकान्यात आता ‘पेंडिंग’ नसतं, ‘अजून भरलेली नाही, तुम्ही भरायची’ असतं. रकाना रुंद करावा लागला.

दोन महिन्यांनी त्याच पार्टीचा दुसरा कंटेनर आला. मेल नव्या पद्धतीनं गेला. अकाउंटंटचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. वाचून मला इतका आनंद झाला की मी ते तिथूनच आत्याला फोनवर वाचून दाखवलं.

“ड्यूटी आज, २१ तारखेला, दुपारी १२:२० ला आम्ही भरली. चलन सोबत जोडलं आहे.”

“वा,” आत्या म्हणाली. “तारीख आहे, वेळ आहे, कर्ता आहे. चलन बघितलंस?”

मी खाली सरकवून बघितलं. मेलला काहीच जोडलेलं नव्हतं.

“काळ बरोबर आहे रे,” आत्या म्हणाली. “आता फोन कर त्याला.”